तांत्रिक दस्तऐवजातील संगणकीय संहितेसाठी रंगशैलीची निवड : मराठी कॉमेंटच्या वाचनीयतेच्या संदर्भात

सारांश : संगणकीय प्रोग्रामची संहिता संकेतस्थळावर देताना ती निरनिराळ्या रंगांत दाखविण्याची पद्धत आता सार्वत्रिक झाली आहे. यासाठी वापरल्या जाणाऱ्या तयार रंगशैली मुख्यत्वे प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी घडविलेल्या असतात. वाचून शिकणाऱ्याची गरज त्याहून वेगळी असते. प्रस्तुत लेखात ह्यूगो या साधनातील ‘मोनोकाई’ या रंगशैलीचे उदाहरण घेऊन, संहितेतील कॉमेंट का फिकी पडते, ती किती फिकी आहे हे कसे मोजावे, कॉमेंट मराठीत असल्यास कोणते जादा प्रश्न उद्भवतात आणि त्यांवर कोणते उपाय आहेत, यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : रंगांकन, रंगशैली, कॉमेंट, कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, देवनागरी, ह्यूगो.

१. प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापनात प्रात्यक्षिकांच्या पुस्तिका पूर्वी टंकलिखित वा छापील स्वरूपात दिल्या जात. आता अशी सामग्री संकेतस्थळावर ठेवली जाते. त्यात गद्य स्पष्टीकरणाबरोबर प्रोग्रामच्या संहितेचे तुकडे येतात आणि त्या तुकड्यांतील शब्द त्यांच्या कार्यानुसार वेगवेगळ्या रंगांत दिसतात. या क्रियेला प्रस्तुत लेखात ‘रंगांकन’ असे म्हटले असून, रंगांच्या ठरावीक संचाला ‘रंगशैली’ असे संबोधले आहे.

रंगशैलीची निवड बहुधा आवडीवर सोडली जाते. यादीतील आठदहा नावे पाहून जी डोळ्यांना सुखद वाटेल ती घेतली जाते. तथापि, या निवडीमुळे संहितेतील कोणता भाग वाचला जाईल आणि कोणता नजरेतून सुटेल हे बऱ्याच अंशी ठरत असते. पुढील छोटे उदाहरण पाहता हा मुद्दा स्पष्ट होईल.

```python
# व्याजाचा दर शेकड्यात द्यावा, अपूर्णांकात नव्हे
def interest(p, rate, years):
    return p * rate * years / 100
```

सरळव्याज काढणाऱ्या या तीन ओळींतील महत्त्वाची ओळ पहिली आहे. ती वाचणारा विद्यार्थी १०,००० रुपये मुद्दल, ८ टक्के दर आणि २ वर्षे मुदत देऊन १,६०० रुपये हे बरोबर उत्तर मिळवील. ती न वाचणारा दर ०.०८ असा देईल आणि त्याला १६ रुपये व्याज मिळेल. संगणक कोणतीही चूक दाखविणार नाही, कारण संहितेच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी वैध आहेत. ज्या ओळीवर उत्तराची शुद्धता अवलंबून आहे, नेमकी तीच ओळ अनेक लोकप्रिय रंगशैलींत सर्वांत फिकी असते. असे का होते, हाच या लेखाचा विषय आहे.

२. रंगांकनाची प्रक्रिया

रंगांकन दोन स्वतंत्र टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात लेक्सर नावाचा घटक संहितेचे लहान लहान तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचा प्रकार ठरवितो : हा कीवर्ड, ही संख्या, हे अवतरणातील अक्षरबंध, ही कॉमेंट. दुसऱ्या टप्प्यात रंगशैली प्रत्येक प्रकाराला रंग देते. लेक्सरला रंगांची माहिती नसते आणि रंगशैलीला भाषेची माहिती नसते. त्यामुळे एकच रंगशैली पायथन, सी किंवा जावा यांपैकी कोणत्याही संहितेला लावता येते.

ही रचना रूढ करण्यात २००६ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पिग्मेंट्स या पायथनमधील ग्रंथालयाचा मोठा वाटा आहे. ह्यूगो हे स्थिर संकेतस्थळे तयार करणारे साधन २०१७ पासून क्रोमा हे ग्रंथालय वापरते. क्रोमा हे गो या भाषेत लिहिलेले असून त्याची घडण पिग्मेंट्सवर आधारलेली आहे. म्हणूनच तुकड्यांच्या प्रकारांची लघुनावे दोन्हीकडे सारखी आढळतात. एका ओळीची कॉमेंट असेल तर तिला `c1` हे नाव मिळते, आणि वर्गनावांची पद्धत स्वीकारल्यास पानात ती पुढीलप्रमाणे येते.

```html
<span class="c1"># व्याजाचा दर शेकड्यात द्यावा</span>
```

या `c1` ला कोणता रंग द्यावयाचा हे शैलीपत्रकातील एका ओळीने ठरते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, एखाद्या रंगशैलीत केवळ कॉमेंटचा रंग सदोष असेल तर संपूर्ण शैली टाकून देण्याचे कारण नाही; तेवढी एक ओळ बदलणे पुरेसे ठरते. मात्र त्यासाठी दोष कोठे आहे आणि किती आहे हे आधी कळावयास हवे.

३. संपादकाची रंगशैली आणि वाचकाची गरज

ह्यूगोमध्ये कोणतीही रंगशैली निवडली नाही तर `monokai` ही शैली लागू होते. मोनोकाई ही विमर हेझनबर्ग यांनी २००६ मध्ये टेक्स्टमेट या संहिता-संपादकासाठी तयार केली. पुढे सब्लाइम टेक्स्ट या संपादकामुळे तिचा सर्वदूर प्रसार झाला. गडद करड्या पार्श्वभूमीवर गुलाबी कीवर्ड, पिवळसर अक्षरबंध आणि हिरवी फलननामे अशी तिची ठेवण आहे. कॉमेंटला तिने मातकट करडा रंग दिलेला आहे.

या शैलीचा जन्म संपादकात झाला, ही बाब येथे निर्णायक आहे. संपादकासमोर बसलेली व्यक्ती बहुधा स्वतःचीच संहिता लिहीत असते. कॉमेंट तिने स्वतः लिहिलेली असते. तिची नजर चालू ओळीतील आज्ञांवर असते. अशा वेळी कॉमेंट मागे सरलेली असणे सोयीचे ठरते. सोलराइज्ड या २०११ च्या प्रसिद्ध रंगशैलीत तर कॉमेंट हा दुय्यम मजकूर मानून त्यासाठी मुद्दाम सौम्य रंग राखून ठेवला आहे. संपादकाच्या संदर्भात हा निर्णय तर्कसंगतच म्हणावा लागेल.

दस्तऐवजाच्या वाचकाची स्थिती याच्या उलट असते. त्याच्यासमोरील संहिता दुसऱ्याने लिहिलेली असते आणि तिचा अर्थ त्याला कॉमेंटवरूनच उमगतो. शिकविण्यासाठी दिलेल्या संहितेत कॉमेंट हे लेखकाचे वाचकाशी थेट बोलणे असते. तात्पर्य, संपादकात दुय्यम असलेला घटक दस्तऐवजात मुख्य होतो. रंगशैली मात्र तीच राहते. सर्व अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे.

४. कॉन्ट्रास्टची मोजणी

‘फिके दिसते’ हे मत व्यक्तिसापेक्ष आहे. पडदा, खोलीतील प्रकाश आणि पाहणाऱ्याचे वय यांनुसार ते बदलते. म्हणून अक्षराचा रंग आणि पार्श्वभूमीचा रंग यांतील अंतर मोजण्याची प्रमाणित रीत वापरावी लागते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वेब आशय सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांच्या दुसऱ्या आवृत्तीत ही रीत दिलेली असून, २०१८ व २०२३ च्या सुधारित आवृत्त्यांतही ती कायम आहे.

या रीतीत प्रथम दोन्ही रंगांची सापेक्ष दीप्ती काढतात. पूर्ण काळ्याची दीप्ती ० आणि पूर्ण पांढऱ्याची १ मानली जाते. रंगातील लाल, हिरव्या व निळ्या घटकांना अनुक्रमे ०.२१२६, ०.७१५२ आणि ०.०७२२ असे भार दिलेले आहेत, कारण मानवी डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद भासतो. त्यानंतर पुढील सूत्राने गुणोत्तर मिळते. त्यात `L1` ही उजळ रंगाची आणि `L2` ही गडद रंगाची दीप्ती होय.

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

सामान्य आकाराच्या अक्षरांसाठी हे गुणोत्तर किमान ४.५ असावे, ही मध्यम स्तराची अट आहे. कडक स्तरासाठी ७ ची अपेक्षा आहे. ४.५ हा आकडा ठरविताना ज्यांची दृष्टी सुमारे २०/४० इतकी उणावलेली आहे अशा वाचकांची गरज लक्षात घेतलेली आहे. मोठ्या किंवा ठळक मोठ्या अक्षरांना ३ ची सवलत असली तरी संहितेची अक्षरे सभोवतालच्या मजकुराएवढी किंवा त्याहून लहानच असतात. म्हणून ती सवलत येथे लागू होत नाही.

आता मोनोकाईचे उदाहरण सोडवून पाहू. तिची पार्श्वभूमी `#272822` असून तिची दीप्ती ०.०२०६ येते. कॉमेंटचा प्रचलित रंग `#75715e` आहे. त्याची दीप्ती ०.१६४० येते. दोन्हींत ०.०५ मिळविल्यास ०.२१४० आणि ०.०७०६ हे आकडे मिळतात व त्यांचे गुणोत्तर ३.०३ भरते. याच पार्श्वभूमीवर साध्या संहितेचा रंग `#f8f8f2` आहे आणि त्याचे गुणोत्तर १३.९४ इतके आहे. म्हणजे एकाच चौकटीत `return` च्या शेजारील नावे अत्यंत स्पष्ट, आणि ‘दर शेकड्यात द्यावा’ ही सूचना किमान मर्यादेच्याही खाली, अशी अवस्था होते.

हा दोष केवळ गडद शैलींपुरता मर्यादित आहे असेही नाही. सोलराइज्डच्या उजळ रूपात पार्श्वभूमी `#fdf6e3` आणि कॉमेंट `#93a1a1` आहे. तिचे गुणोत्तर २.४८ येते, म्हणजे ती मोनोकाईपेक्षाही फिकी ठरते. ‘गडद की उजळ’ हा प्रश्न सोडविल्याने कॉमेंटचा प्रश्न आपोआप सुटत नाही, हे यावरून दिसून येते.

उपाय अवघड नाही. रंगाचा वर्ण तोच ठेवून त्याचा उजळपणा वाढवावा. पिग्मेंट्समधील मोनोकाईत कॉमेंटसाठी नंतर `#959077` हा रंग स्वीकारण्यात आला. त्याचे गुणोत्तर ४.६२ येते आणि तो रंग पूर्वीच्याच मातकट छटेचा असल्यामुळे शैलीचे एकूण रूप बिघडत नाही. आणखी उजळ `#b8b39a` घेतल्यास गुणोत्तर ७.०४ होते आणि कडक स्तराची अटही पूर्ण होते. तरीही कॉमेंट संहितेपासून वेगळी ओळखू येते, कारण मुख्य अक्षरांचे गुणोत्तर अजूनही तिच्या जवळजवळ दुप्पट असते.

या मोजणीची मर्यादाही नमूद केली पाहिजे. सूत्रात केवळ दोन रंग येतात. अक्षराच्या रेषेची जाडी, आकार आणि लिपी यांना त्यात स्थान नाही. शिवाय गडद पार्श्वभूमीवर हे सूत्र प्रत्यक्षापेक्षा अधिक उदार आकडा देते, अशी टीका जाणकारांनी केलेली आहे. म्हणून ४.५ हा आकडा ‘याखाली जाऊ नये’ अशा अर्थाने घ्यावा. तो गाठला म्हणजे वाचनीयता सिद्ध झाली असे मानू नये.

५. देवनागरी कॉमेंटचे वेगळे प्रश्न

वरील मर्यादा मराठी कॉमेंटच्या बाबतीत विशेष जाणवते. संहितेसाठी वापरले जाणारे फाँट समान रुंदीचे आणि मुख्यतः रोमन लिपीचे असतात. त्यांत देवनागरी अक्षरे बहुधा नसतात. अशा वेळी ब्राउझर देवनागरीपुरता दुसरा एखादा फाँट संगणकात शोधून वापरतो. तो कोणता असेल हे वाचकाच्या यंत्रावर अवलंबून राहते. परिणामी एका ठिकाणी कॉमेंट सुबक दिसते, तर दुसऱ्या ठिकाणी तीच बारीक आणि गिचमिड दिसते. यावर उपाय म्हणजे देवनागरी फाँटचे नाव स्वतःच नोंदविणे, आणि तो फाँट संकेतस्थळाबरोबरच उपलब्ध करून देणे.

```css
.chroma code {
  font-family: "DejaVu Sans Mono", "Noto Sans Devanagari", monospace;
  line-height: 1.7;
}
```

येथे नावांचा क्रम महत्त्वाचा आहे. रोमन फाँट प्रथम असल्याने संहिता समान रुंदीतच राहते आणि त्यात नसलेली अक्षरे दुसऱ्या फाँटकडे जातात. ओळीची उंची वाढविण्याचे कारण लिपीच्या स्वरूपात आहे. रोमन संहितेला १.२ किंवा १.३ पट उंची पुरते. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार येतात आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय येतात. उंची कमी असल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

दुसरा प्रश्न तिरप्या अक्षरांचा आहे. अनेक रंगशैलींत कॉमेंट तिरपी ठेवलेली असते. पिग्मेंट्सच्या मूळ शैलीतही तसेच आहे. रोमन लिपीत तिरप्या अक्षरांची स्वतंत्र घडण असते. देवनागरीच्या बहुतेक फाँटमध्ये ती नसते; म्हणून ब्राउझर सरळ अक्षरांनाच यांत्रिकपणे कलते करतो. त्यामुळे दंड कलतात, मात्रा आपल्या अक्षरावरून सरकल्यासारख्या दिसतात आणि लहान आकारात वाचन कष्टाचे होते. तेव्हा रंग बदलताना तिरपेपणाही काढून टाकणे इष्ट होय.

```css
.chroma .c1, .chroma .cm {
  color: #b8b39a;
  font-style: normal;
}
```

यातील `cm` ही अनेक ओळींच्या कॉमेंटची खूण आहे. सी किंवा जावाची उदाहरणे असतील तर तिची गरज भासते. पायथनमध्ये फलनाच्या आरंभी तिहेरी अवतरणांत दिलेले स्पष्टीकरण मात्र कॉमेंट नसून अक्षरबंधाचा एक प्रकार आहे आणि त्याची खूण `sd` अशी आहे. कॉमेंटचा रंग सुधारूनही एखादे मराठी स्पष्टीकरण जुन्याच रंगात राहिल्याचे दिसले, तर ही शक्यता प्रथम तपासावी.

तिसरी बाब मांडणीची आहे. देवनागरी अक्षरांची रुंदी रोमन अक्षरांशी जुळत नाही. म्हणून आज्ञेच्या उजवीकडे स्तंभ जुळवून लिहिलेल्या मराठी कॉमेंट पडद्यावर वेड्यावाकड्या होतात. मराठी कॉमेंट आज्ञेच्या वर, स्वतंत्र ओळीवर लिहिल्यास हा प्रश्नच उरत नाही.

६. रंगांची नोंद कोठे असावी

उपरोक्त बदल करण्यापूर्वी एक तांत्रिक अडसर दूर करावा लागतो. ह्यूगो आपण होऊन वर्गनावे देत नाही; प्रत्येक तुकड्याचा रंग तो थेट त्या तुकड्यावरच नोंदवितो. अशा नोंदीपुढे शैलीपत्रकातील साधा नियम चालत नाही. ‘नियम लिहिला, पण रंग बदलला नाही’ अशी अडचण आली तर तिचे कारण बहुधा हेच असते. ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत उघडून कॉमेंटवर `class` आहे की `style` आहे हे पाहिले की लगेच उलगडा होतो. मांडणीच्या संचिकेत पुढील बदल केल्यावर वर्गनावे मिळू लागतात.

```toml
[markup.highlight]
  noClasses = false
```

यानंतर रंगशैलीचे शैलीपत्रक एकदा तयार करून घ्यावे लागते, अन्यथा संहिता रंगहीन दिसेल.

```
hugo gen chromastyles --style=monokai > static/css/dark.css
```

याच रीतीने एखाद्या उजळ शैलीचे `light.css` तयार करून वाचकाच्या यंत्रावरील पसंतीनुसार दोहोंपैकी एक लागू करता येते. येथे एक चूक वारंवार होते. दोन्ही पत्रके बिनशर्त जोडली जातात आणि नंतरचे पत्रक आधीच्यावर मात करील असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ज्या वर्गाला नंतरच्या शैलीत रंगच दिलेला नाही, त्याला आधीच्या शैलीचा रंग चिकटून राहतो. त्यामुळे उजळ पार्श्वभूमीवर काही खुणा पांढुरक्या होऊन जवळजवळ नाहीशा होतात. बाकी सर्व रंग ठीक असल्याने हा दोष चटकन ध्यानात येत नाही. प्रत्येक पत्रकाला स्वतःची अट घातली की तो टळतो.

```html
<link rel="stylesheet" href="/css/light.css"
      media="(prefers-color-scheme: light)">
<link rel="stylesheet" href="/css/dark.css"
      media="(prefers-color-scheme: dark)">
```

कॉमेंटच्या रंगाची दुरुस्ती प्रत्येक पत्रकात स्वतंत्रपणे करावी लागते. गडद पार्श्वभूमीसाठी निवडलेला `#b8b39a` उजळ पार्श्वभूमीवर निरुपयोगी ठरेल. दोन शैली ठेवणे म्हणजे मोजणी दोनदा करणे होय. तेवढा वेळ नसेल तर एकच नीट तपासलेली उजळ शैली ठेवणे अधिक श्रेयस्कर आहे.

७. कागदावरील प्रत

महाविद्यालयीन विद्यार्थी प्रात्यक्षिकाचे पान पडद्यावर वाचतोच असे नाही. तो त्याची प्रत छापून घेतो आणि तिच्या झेरॉक्स प्रती वर्गात फिरतात. छापताना ब्राउझर सामान्यतः पार्श्वभूमीचा रंग वगळतात. मोनोकाईची गडद पार्श्वभूमी वगळली गेली आणि अक्षरांचे रंग तसेच राहिले तर काय होते, हे आकड्यांवरून पाहता येईल. पांढऱ्या कागदावर `#f8f8f2` या मुख्य रंगाचे गुणोत्तर १.०७ आणि अक्षरबंधांच्या पिवळ्या `#e6db74` रंगाचे १.४२ उरते. याचा अर्थ संहिता जवळजवळ कोरी छापली जाते. काही ब्राउझर अशा वेळी अक्षरे आपण होऊन गडद करतात; परंतु त्यावर विसंबून राहणे योग्य नाही. छपाईसाठी स्वतंत्र नियम लिहिणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

```css
@media print {
  .chroma, .chroma span {
    color: #000 !important;
    background: none !important;
  }
}
```

येथील `!important` अनावश्यक नाही. `.chroma .c1` या नियमाचे वजन `.chroma span` पेक्षा अधिक असल्याने त्याच्याविना कॉमेंट व कीवर्ड जुन्या रंगांतच छापले जातील. सर्व अक्षरे काळी झाल्यावर कॉमेंट कशी ओळखावी, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर संहितेतच आहे : ओळीच्या आरंभीची `#` ही खूण रंगाविनाही कॉमेंट दर्शविते.

८. निवडीची चाचणी

रंगशैलीच्या नमुना-पानांवर दाखविलेली संहिता इंग्रजी, नीटनेटकी आणि बहुधा कॉमेंटविरहित असते. तीवरून निर्णय घेतल्यास वर चर्चिलेला एकही दोष दिसून येत नाही. म्हणून चाचणीसाठी स्वतःच्याच सामग्रीतील एक तुकडा घ्यावा, आणि त्यात मराठी कॉमेंट, मराठी अक्षरबंध, संख्या व तिहेरी अवतरणातील स्पष्टीकरण असेल असे पाहावे.

त्या तुकड्यात एक सदोष ओळही मुद्दाम असावी. लेखनाच्या सॉफ्टवेअरमधून संहिता उतरविताना सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वक्र अवतरणचिन्हे येतात. पायथनच्या लेक्सरला ती ओळखता येत नाहीत आणि तो त्यांना `err` ही खूण देतो. मोनोकाईच्या प्रचलित रूपात या खुणेचा रंग `#960050` आणि तिची पार्श्वभूमी `#1e0010` आहे. तिचे गुणोत्तर २.२७ येते. परिणामी चुकीचे चिन्ह उठून दिसण्याऐवजी एका काळसर चौकोनात बुडून जाते. अशा चौकोनांचा शोध घेणे लेखकाच्याही हिताचे आहे, कारण जेथे ते दिसतात तेथे एकतर संहितेत चूक असते किंवा तिच्या भाषेचे नाव चुकीचे दिलेले असते.

चाचणीचा क्रम साधा आहे. प्रथम पानाच्या स्रोतात वर्गनावे आहेत याची खात्री करावी. मग कॉमेंट, अक्षरबंध व `err` या तीन खुणांचे रंग आणि पार्श्वभूमी टिपून गुणोत्तरे काढावीत. ब्राउझरमधील विकासकांसाठी असलेल्या साधनांत ही सोय आयती मिळते. त्यानंतर पान साध्या मोबाइलवर उघडून मराठी कॉमेंट वाचून पाहावी. अखेरीस छपाईचे पूर्वदर्शन पार्श्वभूमी वगळून पाहावे. या चारही पायऱ्यांत टिकते ती शैली स्वीकारावी.

९. निष्कर्ष

तयार रंगशैलीतील कॉमेंटचा फिकेपणा हा अपघात नसून संपादकाच्या गरजेतून आलेला निर्णय आहे. शिकविण्यासाठीच्या दस्तऐवजात तो जसाच्या तसा स्वीकारल्यास वाचकाला उद्देशून लिहिलेली वाक्येच सर्वांत अस्पष्ट होतात. मोनोकाईतील ३.०३ आणि सोलराइज्डच्या उजळ रूपातील २.४८ ही गुणोत्तरे याची साक्ष देतात. कॉमेंट मराठीत असल्यास पर्यायी फाँट, अपुरी ओळउंची आणि यांत्रिक तिरपेपणा यांची भर पडते. ही भर कोणत्याही गुणोत्तरात दिसत नाही. यासाठी नवी शैली घडविण्याची आवश्यकता नाही. वर्गनावांची पद्धत स्वीकारून कॉमेंटचा रंग, तिचा तिरपेपणा, देवनागरी फाँट आणि छपाईचा नियम एवढ्या चार नोंदी केल्या तर मोनोकाईसारखी रूढ शैलीही अध्यापनास योग्य ठरते. तसे झाल्यास व्याजाच्या उदाहरणातील पहिली ओळ विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडेल, आणि १,६०० च्या जागी १६ हे उत्तर येण्याचे एक कारण दूर होईल.